वर्षाच्या मध्यात नवी शाळा आणि ‘बाहेरचा’ म्हणून छळ: आईवडिलांनी आधी काय करावं, खर्च किती?

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की बदलापूरच्या शाळांमध्ये हजेरीपटाच्या तळाशी एखादं नवं नाव येतं. घरं परवडतात म्हणून इथे सतत नवी कुटुंबं येत असतात. स्टेशनच्या पश्चिमेला, उल्हास नदीच्या बाजूला असलेल्या जुन्या बदलापूर गावाभोवती आता सगळीकडे इमारती झाल्या आहेत. एकाच वर्गात गावातल्या जुन्या घरांतली मुलं असतात आणि कालपरवा आलेलीही. आलेलं प्रत्येक मूल छळलं जातं असं नाही. पण जूनमध्ये आलेलं मूल आणि नोव्हेंबरमध्ये आलेलं मूल यांत मोठा फरक असतो. जूनमध्ये सगळेच बाक शोधत असतात. नोव्हेंबरपर्यंत बाक ठरलेले असतात, डबा कुणी कुणाबरोबर खायचा तेही ठरलेलं असतं, टोपणनावं पडून गेलेली असतात. नव्या मुलाला टोपणनाव तेवढं लगेच मिळतं.

एक उदाहरण हिशेबासाठी घेऊ. समजा, लातूरहून एक कुटुंब बदलापूर गावात राहायला आलं. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला, आई घरी, मुलगा सातवीत. मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत त्याला नोव्हेंबरमध्ये प्रवेश मिळाला. पहिल्याच दिवशी त्याने शेजारच्याला विचारलं, ‘काय करलालास?’ वर्ग हसला. तिथपर्यंत ठीक होतं. तिसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत चार मुलं त्याला घेरून ‘बोल ना, बोलून दाखव’ म्हणायला लागली, डबा उचलून वास घ्यायला लागली, आणि व्हॅनमध्ये त्याला रोज मधल्या आडव्या पाटावर बसवू लागली.

चेष्टा आणि छळ

ही रेघ कुठे ओढायची याबद्दल शिक्षक आणि पालक यांचं नेहमी वाजतं. तीन गोष्टी पाहा: प्रकार पुन्हापुन्हा होतो का, एका बाजूला संख्या किंवा ताकद जास्त आहे का, आणि ‘बस कर’ म्हटल्यावर थांबतो का. बोलीवरून हसणारा मित्र दुसऱ्या दिवशी शेजारी बसतो. छळणारा बसत नाही, दुसऱ्यालाही बसू देत नाही.

मूल हे सहसा सांगत नाही. आईवडिलांनी नोकरीपायी गाव सोडलंय, घराचा हप्ता चालू आहे, हे बारा वर्षांच्या मुलाला कळत असतं. त्यामुळे बाकीच्या खुणांकडे लक्ष ठेवावं लागतं. डबा भरलेला परत येतो. रविवारी संध्याकाळी पोट दुखतं आणि सोमवारी दुपारपर्यंत थांबतं. व्हॅन नको, चालत जातो म्हणतो. पेन, कंपास सारखे ‘हरवतात’. आणि लातूरच्या आजीचा फोन आला की बाल्कनीत उभं राहून बोलायचं टाळतो, खालून कुणी ऐकेल म्हणून. ही शेवटची खूण मला सगळ्यांत बोलकी वाटते.

विचारताना ‘तुला कोण त्रास देतं?’ असं सरळ विचारलं की ‘कोणी नाही’ हेच उत्तर येतं. ‘आज डबा कुठे बसून खाल्लास? शेजारी कोण होतं?’ असं विचारा. जागा आणि माणसं विचारली की गोष्ट आपोआप बाहेर येते.

पहिला खर्च गणवेश आणि वह्यांचा

बहुतेक पालक मुख्याध्यापकांच्या दारापासून सुरुवात करतात. मी त्याच्या आधीच्या दोन गोष्टींपासून करीन, कारण वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलाला त्यांच्यामुळेच चटकन लक्ष्य केलं जातं.

पहिली गोष्ट गणवेश. नोव्हेंबरमध्ये दुकानात माप मिळत नाही, मग दोन-तीन आठवडे मूल जुन्या शाळेच्या शर्टात येतं. दीडशे मुलांच्या मैदानात ते लांबूनही ओळखू येतं. तयार माप नसेल तर कापड घेऊन शिवून घ्या. अमुक एका दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही. आपल्या उदाहरणात दोन जोड आणि पीटीचा टी-शर्ट मिळून १,८०० रुपये धरू.

दुसरी गोष्ट वह्या. जूनपासूनच्या वह्या पूर्ण करायच्या म्हणजे दुसऱ्याची वही मागावी लागते. इथे नवं मूल अडतं. वही देणारा उपकार करतो, परत मागतो, ‘आधी हे कर मग देतो’ म्हणतो. ही देवघेव मुलांवर सोडू नका. वर्गशिक्षकांना सांगून चांगल्या अक्षराच्या एका मुलीच्या किंवा मुलाच्या वह्या शनिवारी त्यांच्याच हातून घ्या, झेरॉक्स काढा आणि सोमवारी त्यांच्याच हातात परत द्या. २८० पानं, पानाला २ रुपये, म्हणजे ५६० रुपये. सगळं हाताने उतरवायला लावायचं की झेरॉक्स चिकटवलेली चालेल, हेही शिक्षकांकडून आधीच ठरवून घ्या. नाहीतर मुलाच्या रात्री त्यातच जातात आणि तो वर्गात पेंगतो.

याबरोबर फुकटातली एक विनंती करा: बाक बदलणं. हजेरीपटात शेवटी आलेलं नाव बऱ्याचदा शेवटच्या बाकावर जातं आणि तिथे कोण बसलेलं असतं ते सगळ्यांना माहीत असतं. पहिल्या तीन रांगांत, शांत मुलाशेजारी जागा मागा. वर्गशिक्षकांना हे एका मिनिटात करता येतं.

वही, अर्ज आणि पोच

इतकं करूनही प्रकार चालू असेल तर एक साधी वही घ्या आणि रोज संध्याकाळी दोन ओळी लिहा: तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोण होतं, कुणी पाहिलं. आपलं मत लिहू नका. ‘त्याला खूप त्रास दिला’ या वाक्यावर शाळा काही करू शकत नाही. ‘२५ तारखेला मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ डबा उलटा केला’ या वाक्यावर करू शकते, कारण मग त्या जागी शिक्षक उभा करता येतो. आठवड्याभराच्या नोंदी झाल्या की एक गोष्ट बहुधा दिसते: सगळे प्रकार दोन-तीन ठिकाणीच होतात, आणि तिथे मोठं माणूस नसतं.

आपल्या मुलाच्या वहीत व्हॅन आणि पाण्याची टाकी या दोनच जागा निघाल्या. व्हॅनचा प्रश्न वेगळा सोडवता येतो. स्कूल बसबाबतच्या राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते आणि गाडीत मदतनीस. समिती कागदावर असली तरी तिचं नाव काढलं की व्हॅनवाले काका मुलाला पुढे, आपल्या नजरेसमोर बसवतात. हे आधी काकांशीच बोलून करून घ्या. पैसे लागत नाहीत.

मग शाळेचा अर्ज. आधी वर्गशिक्षकांना तोंडी सांगा आणि आठवडाभर थांबा. फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. अर्ज एका पानाचा असावा. मजकूर असा चालेल:

‘माननीय मुख्याध्यापक यांस, माझा मुलगा इयत्ता सातवी, तुकडी ब मध्ये दिनांक अमुकपासून शिकत आहे. दिनांक अमुक ते अमुक या काळात मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ त्याच्या बोलण्याची नक्कल करणे, डबा हिसकावणे व वाट अडवणे असे प्रकार चार वेळा घडले. तारखांची नोंद सोबत जोडली आहे. याबाबत वर्गशिक्षकांना दिनांक अमुक रोजी तोंडी सांगितले होते. विनंती अशी की मधल्या सुट्टीत त्या जागी शिक्षकांची देखरेख ठेवावी, मुलाने अडचण कोणाला सांगावी त्या शिक्षकांचे नाव कळवावे, आणि संबंधित मुलांशी व पालकांशी शाळेने स्वतंत्रपणे बोलावे. त्या जागेचे सीसीटीव्ही चित्रीकरण असल्यास ते जपून ठेवावे. केलेली कार्यवाही सात दिवसांत लेखी कळवावी.’

यात शिक्षेची मागणी नाही, हे मुद्दाम. पहिल्याच अर्जात ‘त्या चौघांना काढून टाका’ लिहिलं की शाळा बचावाच्या पवित्र्यात जाते. त्यातून आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मध्येच आहे. चित्रीकरण जपायला सांगायचं कारण असं की साठवण भरली की यंत्र जुनं पुसून त्यावर नवं घेतं. फुटेज तुमच्या हातात मिळेलच असं नाही, त्यात इतरांची मुलंही असतात. पण ‘जपून ठेवा’ हे तारखेसह लेखी गेलेलं असलं म्हणजे पुढे उपयोग होतो.

अर्जाची दुसरी प्रत घेऊन जा आणि तिच्यावर शिक्का, सही, तारीख अशी पोच घ्या. कार्यालयाने पोच नाकारली तर वाद घालत बसू नका, पोस्टातून स्पीड पोस्टने नोंदणीसह पाठवा. अंतर आणि वजन पाहून तीस ते साठ रुपयांत काम होतं आणि पावती हीच पोच. टायपिंग, प्रिंट, झेरॉक्सचे ३० रुपये धरा.

बदलापूरकरांचा खरा खर्च वेळेचा. सकाळची गाडी पकडून रात्री परतणाऱ्या माणसाला शाळेच्या वेळेत शाळेत जायचं म्हणजे रजा किंवा बुडालेली हजेरी. आपल्या उदाहरणातल्या वडिलांची हजेरी ७०० रुपये धरली तर दोन अर्धे दिवस म्हणजे ७०० गेले. म्हणून भेट आधी ठरवा, आणि वर्गशिक्षक व मुख्याध्यापक एकाच वेळी भेटतील असं पाहा. आई गेली तरी चालतं. मात्र लेखी अर्ज तिच्या हातात असू द्या, म्हणजे बोलणं अर्जापाशीच राहतं.

एकूण बेरीज: गणवेश १,८००, वह्या ५६०, कागद ३०, बुडालेली हजेरी ७००. म्हणजे ३,०९० रुपये. यातले गणवेश आणि वह्यांचे पैसे छळ नसता तरी गेलेच असते. छळाचा म्हणून स्वतंत्र खर्च ७३० रुपये.

बदलापूरमुळे आलेले नियम

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि गाड्या कित्येक तास बंद राहिल्या. त्या प्रकरणाची आणि इथल्या विषयाची तुलना होऊ शकत नाही. पण दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्ट २०२४ ला, राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने जो शासन निर्णय काढला तो आपल्या कामाचा आहे. शाळेत सीसीटीव्ही, तक्रार पेटी, सखी सावित्री समिती आणि विद्यार्थी सुरक्षा समिती असायला हवी, असं त्यात आहे. सखी सावित्री समितीचा मूळ निर्णय १० मार्च २०२२ चा.

म्हणून अर्जाची एक प्रत ‘विद्यार्थी सुरक्षा समिती, मुख्याध्यापकांमार्फत’ अशीही द्या. समितीपुढे विषय गेला की तो एका शिक्षकाच्या मर्जीवर राहत नाही. शाळेने ‘आमच्याकडे अशी समिती नाही’ म्हटलं, तर तेच वाक्य पुढच्या अर्जात घाला. तक्रार पेटीवर मात्र फार भिस्त ठेवू नका. सातवीचं मूल सगळ्यांदेखत पेटीत चिठ्ठी टाकायला जात नाही.

इथे प्रकरण बिघडतं

समोरच्या मुलाच्या घरी जाणं. गाव लहान आहे, घर सापडतं, आणि मग दोन मुलांचं भांडण ‘आमच्या गावात येऊन आम्हालाच शिकवतो’ इथवर पोचतं. बाहेरून आलेल्या कुटुंबाला हे परवडत नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलांची नावं टाकणं त्याहून वाईट. तिथून पुढे शाळा आधी तुमची समजूत घालायला बसते, मुलाचा विषय मागे पडतो.

शाळेकडूनही एक चूक हमखास होते: सगळ्यांना वर्गासमोर उभं करून हात मिळवायला लावणं. चौघे हसत हात मिळवतात आणि व्हॅनमध्ये त्याचा वचपा काढतात. मुलांशी वेगवेगळं बोला, असा आग्रह धरा. ‘त्याला बोली सुधारायला सांगा’ हा सल्लाही ऐकायला मिळेल. तो मानू नका. आज बोली, उद्या डबा, परवा चप्पल.

फरक पडतोय का, हे दोन आठवड्यांनी पाहा. चिडवणं पूर्ण थांबलं नसेल. वहीतल्या नोंदी कमी झाल्या का, आणि डबा खाताना शेजारी एक तरी ठरावीक नाव येतं का, एवढं बघा. एक मित्र झाला की चौघांचा उत्साह बराच ओसरतो. उलट, नोंदी कमी झाल्या पण मुलगा गप्पच आहे, झोप नाही, खाणं सुटलंय, असं असेल तर तो सांगायचा थांबलाय, असं समजा.

अशा वेळी समुपदेशक लागतो. खाजगी बैठकीला साधारण पाचशे ते दीड हजार रुपये पडतात. एका बैठकीत काही होत नाही, चार-पाच धरा आणि फी आधी विचारा. त्याआधी टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आणि ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय ही राज्याच्या आरोग्य विभागाची आहेत, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून या विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. मूल ‘मला नकोच आहे हे सगळं’, ‘मी नसतो तर बरं’ अशा भाषेत बोलायला लागलं, तर समितीची बैठक आणि सात दिवसांची मुदत सगळं बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शाळेने दाद दिली नाही तर

सात दिवसांत उत्तर नाही, तर पोच जोडून गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, अंबरनाथ यांना अर्ज द्या, प्रत ठाणे जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना. शुल्क नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार बालकाच्या हक्काबाबतची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निकाली काढायची असते. तीन महिने म्हणजे मार्च उजाडला. म्हणूनच शाळेतला पहिला अर्ज जपून लिहायचा. राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही विनाशुल्क तक्रार करता येते. मारहाण, धमकी, पैसे उकळणं असेल तर चाइल्डलाइन १०९८. प्रकार लैंगिक स्वरूपाचा असेल तर शाळेची वाट न पाहता थेट पोलीस.

महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा फक्त कॉलेजसाठी आहे असा समज आहे. त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या त्याहून रुंद आहे. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची, आणि टाळाटाळ केली तर त्यानेच गुन्ह्याला मदत केली असं धरलं जातं. मुख्याध्यापक हलत नसतील तर दुसऱ्या अर्जात याचा उल्लेख पुरतो. मात्र बारा वर्षांच्या मुलांवर पहिल्याच दिवशी हा कायदा काढू नका. नंतर त्याच वर्गात तुमच्या मुलाला एप्रिलपर्यंत बसायचं आहे.

वकील लागलाच तर स्त्रिया आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळतं. त्यासाठी उल्हासनगरच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० ला फोन करा. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र धरू नका. फी भरली म्हणून आपण ग्राहक, असं वाटणं साहजिक आहे, पण शिक्षण ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१० आणि २०१२ च्या निकालांत घेतलेली आहे.

शाळाच बदलायची ठरवली तर

आता महागड्या रस्त्याचा हिशेब. आपल्या कुटुंबाने डिसेंबरात वैतागून मुलाला खाजगी विनाअनुदानित शाळेत घातलं, असं समजा. प्रवेश शुल्क ८,०००, दुसऱ्या सत्राची फी १४,०००, गणवेश २,५००, पुस्तकं ३,५००, व्हॅनचे सहा महिने ९,०००. बेरीज ३७,००० रुपये. शाळेप्रमाणे आकडे बदलतील. पण एवढं देऊनही मूल पुन्हा हजेरीपटात तळाशी येतं, पुन्हा गणवेशाविना, पुन्हा अपुऱ्या वह्यांसह, आणि तेही एका वर्षात दुसऱ्यांदा. म्हणून जीव धोक्यात नसेल, मारहाण नसेल, तर वार्षिक परीक्षेपर्यंत त्याच शाळेत सांभाळून जूनमध्ये बदल करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

तरी मध्येच बदलावं लागलं, तर आठवीपर्यंतच्या मुलासाठी सरकारी आणि अनुदानित शाळांचा पर्याय आधी पाहा. कलम ५ नुसार अशा शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. जुन्या मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश रोखू शकत नाही. विनाअनुदानित शाळेवर बदलीचा हा हक्क सांगता येत नाही, तिथे जागा त्यांच्या मर्जीवर. कुठेही देणगी मागितली तर पावती मागा. कलम १३ नुसार देणगी घेणाऱ्याला तिच्या दहापट दंड होऊ शकतो, त्यामुळे पावती मागितली की रक्कम बऱ्याचदा खाली येते किंवा नाहीशी होते. खाजगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मान्य केलेली आहे का, तेही विचारा. २०११ च्या फी नियमन कायद्यात ही अट आहे.

दाखला घेताना पहिल्या सत्राचं प्रगतिपत्रक आणि हजेरीची नोंदही मागून घ्या, आणि ऑनलाइन नोंदीतली बदलीची विनंती जुन्या शाळेने मंजूर केली का, ते आठवड्याने विचारा. ती अडकली तर मूल नव्या वर्गात बसतं, पण त्याचं नाव जुन्याच शाळेत राहतं आणि त्याच्या नावाची पुस्तकं, गणवेश तिकडेच जातात.